पुढच्या सेशनपर्यंतचे सात दिवस

चिंताविकारासाठी थेरपी घ्यायला आलेला माणूस बहुधा पहिल्याच भेटीत विचारतो, "किती दिवस लागतील?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला ऑफिसातून वेळ काढायचा असतो, फी भरायची असते, घरच्यांना काहीतरी सांगायचं असतं. तरी अनेकांना "ते तुमच्यावर अवलंबून आहे" एवढंच उत्तर मिळतं आणि ते गोंधळून घरी जातात. याहून नेमकं उत्तर देता येतं, आणि ते मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणारी ‘नाइस’ नावाची सरकारी संस्था आहे. वारंवार पॅनिक अटॅक येत असतील तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी थेरपी, एकूण ७ ते १४ तासांची असावी, शक्यतो दर आठवड्याला व्हावी आणि जास्तीत जास्त चार महिन्यांत संपावी, असं तिचं मार्गदर्शन आहे. दिवसभर कशाची ना कशाची काळजी लागून राहण्याच्या विकारासाठी ती साधारण १२ ते १५ सेशन सांगते. पाल, कुत्रा, उंची अशी एखाद्याच गोष्टीची भीती असेल, तर लार्स-ग्योरान ओस्त या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं तीन तासांच्या एकाच बैठकीत उपचार करायची पद्धत बसवली आहे. म्हणजे हिशेब आठवड्यांचा आणि महिन्यांचा आहे, वर्षांचा नाही. आपल्याकडे मुलांच्या परीक्षा, गणपती, लग्नसराई आणि ऑफिसची मार्चअखेर यांत काही सेशन हमखास बुडतात, म्हणून मी चारऐवजी पाच महिने धरून चालायला सांगते. सोबत खोल नैराश्य असेल, दारू असेल, किंवा लहानपणी झालेला अत्याचार मागे असेल, तर मुदत वाढते. पण तेव्हाही ती का वाढली हे सांगता आलं पाहिजे.

हे आकडे एका अटीवर खरे ठरतात. आठवड्याचे तास १६८ असतात आणि त्यांतला एक तास थेरपिस्टसमोर जातो. उरलेल्या १६७ तासांत काय घडतं, यावर सगळं ठरतं. दोन सेशनच्या मधे करायच्या या कामाला सगळे ‘होमवर्क’च म्हणतात. ते नेमकं कसं असतं, हे एक उदाहरण धरून पाहू. पुढची बाई कुणी एक व्यक्ती नाही. अशा अनेक जणींच्या अनुभवांतून मी ती उभी केली आहे. तिचा आजार आणि तिचे उपचार मात्र जसे असतात तसेच लिहिले आहेत.

ती चौतिशीची, डोंबिवलीला राहणारी, दादरला एका बँकेत नोकरी करणारी. एका सकाळी फास्ट लोकलनं ठाणं सोडलं आणि तिच्या छातीत धडधडायला लागलं. दरदरून घाम फुटला, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण इथेच कोसळणार, आणि घाटकोपरपर्यंत उतरताही येणार नाही, एवढंच डोक्यात होतं. घाटकोपरला ती उतरली आणि थेट हॉस्पिटलात गेली. ईसीजी चांगला, बीपी जरा जास्त, रक्ताचे रिपोर्ट चांगले, थायरॉइडही व्यवस्थित. "टेन्शन घेऊ नका," असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. (या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. थायरॉइडच्या किंवा हृदयाच्या तक्रारीवर सीबीटीचे महिने घालवणं चूक आहे.)

खरा आजार यानंतर वाढला. तिनं फास्ट सोडून स्लो गाडी धरली, कारण दर स्टेशनला उतरता येतं. मग दाराजवळच उभी राहू लागली. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी ‘लागली तर घ्या’ म्हणून दिलेली गोळी कायम. नवरा दर दोन स्टेशनांनी फोन करायचा, "कुठे पोचलीस? बरं वाटतंय ना?" सासूबाई मायेनं म्हणायच्या, "नको जाऊस गं आज, सुट्टी टाक." चार महिन्यांत ती गाडीनं जाणं जवळजवळ बंद करून बसली. घरी असली की अटॅक येत नव्हते. म्हणजे बरं वाटत होतं, असं तिलाही वाटलं आणि घरच्यांनाही.

पहिल्या दोन सेशनमध्ये कुणी तिला गाडीत बसायला सांगितलं नाही. पहिला होमवर्क फक्त नोंदींचा होता. साधी शंभरपानी वही, आणि अटॅक आला की किंवा येईलसं वाटलं की चार गोष्टी लिहायच्या: कुठे होते, शरीरात सगळ्यात आधी काय झालं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, मग मी काय केलं. शिवाय भीती किती, याला शून्य ते शंभरमधला आकडा. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची. भीतीचा सामना पायरीपायरीनं करायची पद्धत त्यांनी १९५०च्या दशकात बसवली. नोंद त्याच दिवशी व्हावी लागते. सेशनच्या आदल्या रात्री बसून आठवड्याच्या नोंदी आठवून लिहिल्या, तर त्यात घडलेलं कमी आणि नंतर वाटलेलं जास्त येतं.

तिच्या वहीत तिसऱ्या दिवशी अशी नोंद होती: "मॉलचे जिने चढले. धडधडलं. मनात आलं, हार्ट अटॅक. बाकावर बसले, पाणी प्यायले, ह्यांना फोन केला. भीती ८०." या चार ओळींत पूर्ण आजार मावलेला आहे. जिने चढल्यावर धडधडणारच. धडधडण्याचा अर्थ तिनं ‘हार्ट अटॅक’ असा लावला, त्या अर्थानं भीती वाढली, भीतीनं धडधड आणखी वाढली, आणि वाढलेली धडधड पाहून अर्थ पक्का झाला. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकचं हे चक्र मांडलं. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: ती बाकावर बसली, पाणी प्यायली, फोन केला, आणि काही झालं नाही. पण ‘काही होणारच नव्हतं’ असा निष्कर्ष तिच्या मनानं काढला नाही. ‘पाण्यामुळे आणि फोनमुळे वाचले’ असा काढला. म्हणून शेकडो वेळा न मरताही मरणाची भीती जात नाही.

इथून पुढचा सगळा होमवर्क हा चुकीचा निष्कर्ष खोडून काढण्यासाठी असतो. तो नुसत्या समजावण्यानं खोडला जात नाही. "हार्टला काही झालेलं नाही" हे तिला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. शरीराला ते अनुभवानं कळावं लागतं.

चौथ्या सेशनमध्ये थेरपिस्टनं तिच्या हातात थंड पेयाचा पातळ स्ट्रॉ दिला. नाक चिमटीत धरायचं आणि एक मिनिट फक्त स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. वीस सेकंदांत तिला तीच घुसमट जाणवली जी ठाण्याच्या पुढे जाणवली होती. "तंतोतंत तसंच," ती म्हणाली. मग जागच्या जागी गोल फिरणं, म्हणजे गरगरतं. मग एक मिनिट जोरजोरात आणि भरभर श्वास, म्हणजे हाताला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. कोणत्या व्यायामानं आपल्या अटॅकसारखं सर्वांत जास्त वाटतं हे शोधून तोच घरी करायचा असतो. तिला स्ट्रॉचा आणि भरभर श्वासाचा मिळाला: रोज, एकापाठोपाठ चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी भीतीचा आकडा लिहायचा. (दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, आणि पहिल्यांदा ते थेरपिस्टसमोरच करावेत.)

या होमवर्कमध्ये काय बिघडतं ते सांगायला हवं, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. त्या आठवड्यात तिनं सातही दिवस व्यायाम केला, पण आकडा ७०च्या खाली येईना. थेरपिस्टनं खोदून विचारलं, "नेमकं कसं करता, करून दाखवा." तेव्हा कळलं, की ती पलंगाच्या कडेला बसून करत होती, नवरा बाहेरच्या खोलीत असतानाच करत होती, घुसमट सुरू झाली की पंधराव्या सेकंदाला थांबत होती आणि लगेच घोटभर पाणी पीत होती. म्हणजे ती रोज चार वेळा स्वतःला पटवत होती, की थांबले म्हणून वाचले. पुढच्या आठवड्यात तोच व्यायाम उभ्यानं, घरी कुणी नसताना, घुसमट सुरू झाल्यावर आणखी तीस सेकंद, आणि नंतर पाणी नाही. पाचव्या दिवशी वहीत आकडा ३० होता. शेजारी लिहिलं होतं, "घुसमट तेवढीच. पण कंटाळा आला."

भीतीच्या जागी कंटाळा येणं ही फार चांगली खूण आहे. लक्षण जसंच्या तसं राहिलं आणि त्याचा अर्थ तेवढा बदलला, असं ती दाखवते.

दीर्घ श्वासाबद्दल इथे दोन शब्द. पोटातून सावकाश श्वास घ्यायला बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यानं शरीर शांत होतं यात शंका नाही. पण तो अटॅक थोपवण्यासाठी वापरला, तर तोही पाण्याच्या बाटलीसारखाच एक आधार बनतो. "श्वास नीट घेतला म्हणून वाचले," एवढाच फरक. म्हणून पॅनिकच्या उपचारांत मी तो सकाळी किंवा झोपताना करायला सांगते, गाडीत भीती मारण्यासाठी नाही. यावर सगळ्या थेरपिस्टांचं एकमत नाही, पण माझं मत हे असं आहे.

सहाव्या आठवड्यापासून गाडी आली. तिनं आणि थेरपिस्टनं मिळून शिडी लिहिली. दुपारच्या स्लो लोकलनं कोपरपर्यंत एकटीनं जाऊन परत येणं, भीती ४०. स्लोनं ठाण्यापर्यंत, दाराजवळ उभं न राहता आत सीटवर बसून, ५५. दुपारच्या फास्टनं ठाणे ते घाटकोपर, ७०. सकाळच्या गर्दीच्या फास्टनं दादर, ८५. आणि सगळ्यात वर एसी लोकल, कारण तिची दारं बंद होतात, ९५. प्रत्येक पायरी एकदा करून सोडायची नाही, आठवड्यात तीन-चार वेळा करायची. म्हणून या काळात होमवर्कला दिवसाचा तास-दीड तास सहज जातो. ज्यांना आठवड्यातून एकदाच जमतं, त्यांची मुदत लांबते. शिकलेलं पक्कं होण्याआधीच विरतं.

प्रवासाआधी तिला वहीत एक भाकीत लिहायचं होतं. नुसतं "भीती वाटेल" असं लिहून चालत नाही, कारण ते खरंच ठरणार. खरं की खोटं तपासता येईल असं लिहायचं. तिची एक नोंद अशी: "मंगळवार, दुपारी २.२०ची फास्ट. मुलुंड जायच्या आत चक्कर येऊन पडेन. शक्यता ८० टक्के." आणि घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून लिहिलेलं: "पडले नाही. मुलुंडला धडधड, भीती ७५. भांडुपला हात गार. विक्रोळीनंतर बाहेर बघत होते. उतरताना ४०. बाटली घरी ठेवली होती. फोन बॅगेत होता, काढला नाही." पडण्याची भीती फार जणांना असते, म्हणून थेरपिस्टनं तिला यामागचं शरीरशास्त्रही सांगितलं. चक्कर येऊन पडायला बहुधा रक्तदाब एकदम खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये तो वर जातो, म्हणून त्यात शुद्ध हरपणं दुर्मीळ आहे. रक्त किंवा इंजेक्शन पाहून घाबरणाऱ्यांचा याला अपवाद. त्यांचा रक्तदाब खरोखर पडतो आणि त्यांचे उपचार त्यामुळे थोडे वेगळे असतात.

आठव्या आठवड्यात तिला सकाळच्या गाडीत जोराचा अटॅक आला आणि ती ठाण्यालाच उतरली. घरी येऊन रडली. नवऱ्यानं थेरपिस्टला फोन करून विचारलं, "हे उलटं तर होत नाहीये ना?" तसं होत नव्हतं. गाडीत बसायला लागल्यावर अटॅक वाढणं साहजिक आहे. घरी बसलेल्या माणसाला ते येत नाहीत, कारण तो कुठे जातच नाही. उतरल्यावर काय केलं, याला जास्त महत्त्व. घरी परत येण्यानं भीतीला बळ मिळतं. प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं थांबून पुढची गाडी पकडण्यानं भीतीचं बळ जातं. तेव्हा नवा नियम ठरला: उतरलीस तर उतर, पण पुढच्या गाडीत चढायचं. नवऱ्यालाही होमवर्क मिळाला. वाटेत फोन करायचा नाही, आणि घरी आल्यावर "त्रास झाला का?" असं न विचारता "आज कुठवर गेलीस?" असं विचारायचं. त्याला ते पहिले काही दिवस फार जड गेलं. ज्या घरात माया आहे तिथे हे नेहमीच जड जातं.

होमवर्कचं हे तंत्र मानसोपचारात नवं नाही. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलायला भयंकर लाजायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी जाऊन बोलायचं असं स्वतःलाच काम लावून घेतलं आणि महिन्याभरात शंभरएक जणींशी ते बोलले. भेटायला हो म्हणाली एकच, आणि तीही आली नाही; पण भीती गेली. पुढे त्यांच्या उपचारांत होमवर्क कायमचा आला. आपल्याकडे ही पद्धत रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी, आणि महाराष्ट्रातल्या अनेक समुपदेशकांच्या कामात तिचा धागा आजही दिसतो.

आता फरक पडतोय हे ओळखायचं कसं? बहुतेक जण अटॅक मोजतात किंवा "आज भीती वाटली की नाही" हे पाहतात. दोन्ही मापं फसवी आहेत. ती घरी बसली होती तेव्हा अटॅक शून्य होते आणि तेव्हाच ती सर्वांत आजारी होती. मी सगळ्यात आधी पाहते ते माणसाचं वावरणं: गेल्या महिन्यात जिथे जात नव्हता तिथे या महिन्यात जातो का, भीती घेऊन का होईना. दुसरं, आधार सुटतायत का. पाण्याची बाटली, खिशातली गोळी, दाराजवळची जागा, नवऱ्याचा फोन. तिसरं, भाकीत आणि घडलेलं यांतलं अंतर. तिच्या वहीत पडण्याची शक्यता ८०, मग ५०, मग २० झाली. भीतीचा आकडा मात्र त्यामानानं सावकाश उतरला. हा क्रम अगदी नेहमीचा आहे. आधी वागणं बदलतं, मग विश्वास बदलतो, आणि भावना सगळ्यात शेवटी. जो भावनेवर नजर लावून बसतो तो सहाव्या आठवड्यात "काहीच फरक नाही" म्हणून थेरपी सोडतो, नेमकी फरक पडायच्या वेळी.

आणखी एक खूण घरच्यांना आधी दिसते. अटॅकनंतर सावरायला लागणारा वेळ घटतो. पूर्वी एका अटॅकनं तिचा पूर्ण दिवस जायचा, ती संध्याकाळपर्यंत अंथरुणात असायची. दहाव्या आठवड्यात सकाळी कुर्ल्याला अटॅक आला आणि ती बँकेत जाऊन काउंटरवर बसली. संध्याकाळी सासूबाईंना त्याबद्दल सांगायचंही विसरली.

आकड्यांत मोजायचं असेल तर सात प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, जीएडी-७ नावाची, २००६ साली प्रसिद्ध झालेली. गेल्या दोन आठवड्यांत काय वाटलं त्यावर शून्य ते २१ गुण मिळतात. दहा किंवा अधिक आले तर नीट तपासणी करावी असं धरतात. दर दोन-तीन आठवड्यांनी ती भरावी. एक-दोन गुणांच्या चढउतारावर काही ठरवू नये, पण चार-पाच गुण उतरून तिथेच राहिले तर फरक खरा समजावा.

याची दुसरी बाजूही थेट सांगते. सहा सेशन झाली, होमवर्क प्रामाणिकपणे केला, तरी वावरणं, आधार, आकडे यांतलं काहीच हललं नाही, तर थेरपिस्टला समोरासमोर विचारावं: आपण कशावर काम करतोय, आणि कधीपर्यंत काय दिसायला हवं? चांगल्या थेरपिस्टला हा प्रश्न आवडतो. निदान पुन्हा तपासणं, मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध सुरू करणं, पद्धत बदलणं, दुसऱ्याकडे पाठवणं, यांपैकी काहीतरी व्हायला हवं. दर आठवड्याला मन मोकळं होतं, हलकं वाटतं, पण होमवर्क दिलाच जात नाही, किंवा दिलेल्याबद्दल पुढच्या वेळी कुणी विचारत नाही, अशी थेरपी वर्षानुवर्षं चालू शकते आणि माणूस गाडीत चढत नाही. सेशनची पहिली दहा मिनिटं वही उघडण्यात गेली पाहिजेत. होमवर्क झाला नसेल तर ओरडा नको. का झाला नाही ते शोधायचं. बहुतेक वेळा पायरी फार उंच ठेवलेली असते.

औषधांचं थोडक्यात. चिंतेसाठी रोज घ्यायच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या थेरपीसोबत चालतात. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांचं, उदाहरणार्थ अल्प्राझोलामचं, तसं नाही. गाडीत चढण्याआधी ती घेतली, तर शिकायचं होतं ते शिकलं जात नाही; श्रेय गोळीला जातं. पण अशी गोळी बरेच दिवस रोज चालू असेल, तर ती मनानं एकदम बंद करणं धोक्याचं आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची. आणि ज्यांच्या गावात थेरपिस्ट नाही किंवा फी परवडत नाही, त्यांनी सुरुवात सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरून करावी. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

चौदाव्या सेशनपर्यंत ती रोज दादरला जात होती. एसी लोकलही करून झाली होती, तीही मुद्दाम कडक कॉफी पिऊन, धडधड सोबत घेऊन. त्यानंतर आठवड्याची सेशन पंधरा दिवसांवर आली, मग महिन्यावर. हे अंतर वाढवणं उपचाराचाच भाग आहे. मिशेल क्रास्के यांच्या संशोधनानं एक गोष्ट ठळक केली आहे: जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव उभा राहतो, आणि वापरात राहिला तरच तो पुढे येतो. बाळंतपण, आजारपण, घरातला मृत्यू किंवा पावसात रुळांवर तासभर अडकलेली गाडी, अशा वेळी भीती पुन्हा डोकं वर काढू शकते. म्हणून शेवटच्या सेशनमध्ये तिनं स्वतःच्या हातानं एक पान लिहिलं: भीती परत आली तर पहिल्या खुणा कोणत्या (स्लो गाडी बरी वाटू लागणं, पर्समध्ये पुन्हा बाटली येणं), कोणता व्यायाम पुन्हा सुरू करायचा (स्ट्रॉ, पाच दिवस), शिडीवर कुठून सुरुवात करायची (ठाणे–घाटकोपर), आणि पान चिकटवायचं कुठे (कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला). सगळ्यात खाली थेरपिस्टनं एक ओळ जोडायला सांगितली: "एकच जागा सलग दोन आठवडे टाळली, तर एका सेशनसाठी फोन करायचा."